कोपऱ्यातली खूण, शेवटची पाटी

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या एका काकूंनी मला ४२ सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. काकूंचा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती धंदा आहे. व्हिडिओ त्यांच्या भाच्याने जोडला होता. त्यासाठी नवीन काही चित्रित केलं नव्हतं, फोनमध्ये साठलेल्या सात क्लिपाच एकापुढे एक लावल्या होत्या. पांढऱ्या सुती कापडावर उन्हात पसरलेली ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, खोबरं भाजणारे हात, डंखाचे दणके, चाळणीतून उतरणारा लालभडक मसाला, पाकिटं सील करणारं मशीन, प्रदर्शनातला स्टॉल, आणि शेवटी भाकरीवर मसाला-तेल घेऊन खाणारं एक गिऱ्हाईक. बघताना तोंडाला पाणी सुटत होतं.

“अगं, छान झालाय म्हणतात सगळे,” काकू म्हणाल्या, “पण फोन कुणाचा येत नाही.”

फोन का येत नाही, ते थोड्याच दिवसांत कळलं. हाच व्हिडिओ फिरत फिरत पुण्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर पोचला होता आणि तिथे कुणीतरी विचारलं होतं, “कुणाचा मसाला आहे हा?” त्याला उत्तर नव्हतं. वाटेत कुणीतरी स्टेटसला ठेवताना शेवटचे काही सेकंद छाटले होते. काकूंनी सोबत लिहिलेला मजकूर गळून पडला होता. उरलेल्या चाळीस सेकंदांत काकूंचं नाव वाचता येईल असं कुठेच नव्हतं. आणि छाटलेला शेवट शाबूत असता, तरी फार फरक पडला नसता. तिथे दोन सेकंदांसाठी एक पाटी झळकत होती आणि तिच्यावर मी अकरा गोष्टी मोजल्या: नाव, खलबत्त्याचं चित्र, घोषवाक्य, दोन मोबाइल नंबर, पूर्ण पत्ता, ईमेल, इन्स्टाग्रामचं नाव, क्यूआर कोड, किलोचा भाव आणि सर्वांत मोठ्या अक्षरात ‘धन्यवाद’.

ही पुस्तिका त्या दोन सेकंदांतून सुरू झाली. व्हिडिओच्या कोपऱ्यात राहणारा छोटा लोगो आणि शेवटी येणारी पाटी, एवढ्या दोनच गोष्टींबद्दल ती बोलते. पुढच्या प्रकरणांत मापं, नमुने आणि वेगवेगळ्या अ‍ॅपमधली कृती येईल. त्याआधी या दोन गोष्टींमागचा विचार काकूंच्याच व्हिडिओच्या आधाराने इथे मांडते, कारण तो पक्का झाला की मापं लक्षात ठेवावी लागत नाहीत.

व्हिडिओ एकदा पाठवला की तो मालकाशिवाय हिंडतो. त्याच्याबरोबर दिलेला मजकूर सुटू शकतो, पाठवणाऱ्याचं नाव बदलत जातं, पुढचा-मागचा भाग कापला जातो. चित्रातच मुरलेली गोष्ट तेवढी टिकते. टीव्हीच्या वाहिन्या आपलं चिन्ह सतत कोपऱ्यात ठेवतात ते याचसाठी. रिमोट हातात घेतलेला माणूस कार्यक्रमाच्या मध्येच केव्हाही येतो, आणि त्या क्षणी आपण कुठे आहोत हे त्याला कुणाला न विचारता कळतं. कोपऱ्यातल्या लोगोचं काम तेवढंच: कुठल्याही सेकंदाला थांबवलं तरी ‘हे कुणाचं’ याचं उत्तर देणं. शेवटच्या पाटीचं काम त्यापुढचं आहे. बघून झालं, आवडलं, आता काय करायचं? याचं एकच उत्तर तिने द्यायचं असतं. काकूंच्या व्हिडिओत पहिलं काम करणारं कुणी नव्हतं, म्हणून सगळा भार पाटीवर आला आणि ती त्याखाली दबली.

यावरून ‘धन्यवाद’चाही निकाल लागतो. जुन्या चित्रपटाच्या शेवटी ‘समाप्त’ आलं की दिवे लागायचे आणि लोक चपला शोधू लागायचे. त्या शब्दाचं कामच लोकांना उठवण्याचं होतं. मोठ्या अक्षरातलं ‘धन्यवाद’ नेमकं तेच करतं. निघायची खूण मिळाल्यावर खालचा नंबर कोण वाचणार? सौजन्य दाखवायचंच असेल तर ते फोन उचलल्यावर दाखवावं.

आता कामाचा क्रम. बहुतेक जण लोगोपासून सुरुवात करतात, मी क्लिपांपासून करते. व्हिडिओ जुन्या क्लिपांचा असतो तेव्हा त्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उजेडात आणि कधी वेगवेगळ्या फोनांवर घेतलेल्या असतात. लोगोला या सगळ्यांवर बसायचं असतं. म्हणून आधी प्रत्येक क्लिप थांबवून बघायची आणि तीन गोष्टी टिपायच्या: ती उभी आहे की आडवी, तिच्या कोपऱ्यांत काय आहे, आणि तिथे उजेड किती आहे. काकूंच्या सात क्लिपांची ही यादी करायला अर्धा तास लागला आणि तिच्यात निम्मी उत्तरं मिळाली.

सातपैकी पाच क्लिपा उभ्या होत्या, मिरचीची आणि स्टॉलची आडवी होती. व्हिडिओ मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर जाणार होता, म्हणून चौकट उभीच ठरली: रुंदी १०८० पिक्सेल, उंची १९२०. आडवी क्लिप या चौकटीत पूर्ण उंचीने भरली तर तिच्या रुंदीचा जेमतेम एकतृतीयांश भाग दिसतो. मिरचीला ते चाललं, कारण कुठूनही कापली तरी ती मिरचीच राहते. स्टॉलचा मात्र बोर्डच कापला जात होता. ती क्लिप रुंदीला बसवून वर-खाली काळ्या पट्ट्यांऐवजी पाटीचाच गडद रंग भरला. पाटी अजून तयार व्हायची होती, पण तिचा रंग असा मध्येच कामाला आला.

चाळणीच्या आणि सीलिंग मशीनच्या क्लिपांत वेगळीच अडचण निघाली. त्यांच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात काकूंचाच जुना लोगो होता, आधीच्या वर्षीच्या व्हिडिओतून या क्लिपा कापून घेतल्यामुळे तो चित्रात भाजला गेला होता. त्यावर नवा लोगो चिकटवला तर जुन्याच्या कडा बाहेर डोकावतात, आणि धूसर ठिपका टाकून झाकला तर काहीतरी लपवल्यासारखं दिसतं. साधा उपाय म्हणजे चित्र थोडं मोठं करून तो कोपरा चौकटीबाहेर ढकलणं. जुना लोगो उजव्या कडेपासून १२० पिक्सेलच्या आत होता. डावा-वरचा कोपरा जागेवर ठेवून चित्र साडेबारा टक्के मोठं केलं की उजवीकडचे तेवढे पिक्सेल बरोबर बाहेर जातात. यात चित्र किंचित मऊ पडतं, फोनवर ते जाणवत नाही. दुप्पट मोठं करावं लागत असेल तर मात्र ती क्लिप सोडून द्यावी.

डंखाची क्लिप सोडावीच लागली, पण कारण वेगळं होतं. तिच्या कोपऱ्यात दुसऱ्याच एका मसालेवाल्याचं नाव होतं, आणि भाच्याने त्यावर काकूंचा लोगो बसवायचं ठरवलं होतं. “डंख काय सगळ्यांचा सारखाच,” असं त्याचं म्हणणं. डंख सारखा असेल, क्लिप त्या माणसाची आहे. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे आणि २०१२च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५ब आलं. हक्क कुणाचा हे सांगणारी माहिती जाणूनबुजून काढणं किंवा बदलणं हा त्यानुसार गुन्हा ठरतो. मुळात परवानगीशिवाय ती क्लिप वापरणंच चुकीचं, दुसऱ्याच्या नावावर आपलं नाव बसवणं हे त्याच्याही पुढचं. शोधल्यावर काकूंच्या फोनमध्ये त्यांच्या नेहमीच्या डंखावरची एक जुनी क्लिप सापडली. अंधारी होती, पण आपली होती. भाकरी खाणाऱ्या गिऱ्हाइकालाही फोन करून विचारलं. घरात हौसेने काढलेली क्लिप जाहिरातीत येते तेव्हा माणसाला ते आधी माहीत असावं.

आता लोगो. काकूंकडे तो होता, म्हणजे फ्लेक्सवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं एक जेपीजी चित्र होतं. जेपीजीमध्ये पारदर्शकता नसते, त्यामुळे लोगोभोवतीचा पांढरा चौकोनही व्हिडिओवर येतो आणि कोपऱ्यात स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं. लागतं ते पीएनजी, ज्यात लोगोशिवायचा भाग खरोखरच रिकामा असतो. अ‍ॅपने पांढरा भाग पुसायचा प्रयत्न केला तर अक्षरांच्या कडांना पांढरी किनार राहते. म्हणून मूळ फाइल मागावी, ती प्रेसमध्ये किंवा फ्लेक्सच्या दुकानात बहुधा कोरलड्रॉमध्ये असते. तिथे एक गोम आहे. आपल्याकडे छपाईचं बरंच मराठी काम अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होतं. अशी फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्यामुळे “अक्षरं कर्व्ह करून द्या” असं सांगायचं. मग अक्षरं ही अक्षरं न राहता आकार होतात आणि कुठेही तशीच उघडतात. काकूंचं हे काम एका फोनवर झालं. फाइल जुनीच होती, फक्त ती कुणी मागितली नव्हती.

मूळ लोगोत खलबत्ता होता, त्याखाली नाव आणि नावाखाली घोषवाक्य. फ्लेक्सवर ते शोभतं. व्हिडिओच्या कोपऱ्यात मिळणारी जागा किती? १०८०च्या रुंदीत लोगो साधारण १५० पिक्सेलचा ठेवतात. साडेसहा सेंटीमीटर रुंद फोनवर तो नऊ मिलिमीटर होतो, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. तेवढ्यात तीन मजले बांधले तर घोषवाक्याची अक्षरं अर्ध्या मिलिमीटरचीही उरत नाहीत आणि कोपऱ्यात मुंग्या दिसू लागतात. लोगो मोठा करणं हा यावरचा उपाय नव्हे, कारण मग तो मसाल्याच्या आड येतो. उपाय म्हणजे लोगोतून एकच गोष्ट उचलणं. काकूंच्या बाबतीत आम्ही नावाचं पहिलं अक्षर घेतलं, लोगोतल्याच वळणाचं, आणि ते एका भरीव गोलात बसवलं. पूर्ण नाव शेवटच्या पाटीवर येणारच होतं, आणि तिथेही हाच गोल नावाच्या वर ठेवला, म्हणजे कोपऱ्यातल्या खुणेचा अर्थ तिथे उलगडतो. नाव दोन-तीन अक्षरांचंच असेल तर पूर्ण नावही गोलात चालतं.

गोल भरीव का, हे क्लिपांच्या यादीने सांगितलं. आधी मी नुसतं पांढरं अक्षर ठेवून पाहिलं. डंखाच्या अंधाऱ्या क्लिपवर ते उठून दिसलं आणि उन्हातल्या पांढऱ्या कापडावर नाहीसं झालं. गडद अक्षर केलं तर नेमकं उलट. एकाच रंगाचं नुसतं अक्षर सात वेगवेगळ्या उजेडांना पुरं पडत नाही. अक्षर आपली जमीन बरोबर घेऊन आलं की खाली काय आहे याने फरक पडत नाही, म्हणून गडद तपकिरी-लाल गोल आणि त्यात पांढरं अक्षर. गोलाची अपारदर्शकता ८५ टक्के ठेवली, त्यामुळे तो चित्रात थोडा मुरतो पण मागचं चित्र अक्षरात घुसत नाही.

मसाल्याचा धंदा, म्हणून लोगो लालभडक हवा, असा काकूंचा आग्रह होता. इथे व्हिडिओच्या पोटातली एक गोष्ट आडवी येते. फोनवरचे जवळपास सगळे व्हिडिओ साठवताना उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवली जाते, रंगाची माहिती मात्र शेजारच्या चार पिक्सेलांत मिळून एकदाच. आपले डोळे उजेडातला फरक बारकाईने टिपतात आणि रंगातला ढोबळपणे, म्हणून ही काटकसर एरवी लक्षात येत नाही. पण अक्षर आणि त्यामागची जमीन यांच्यात फरक फक्त रंगाचा असेल, उजेडाचा नसेल, तर अक्षराच्या कडा फुटतात. तपकिरी मसाल्यावरचं लाल अक्षर नेमकं असंच आहे. व्हॉट्सअ‍ॅपने वरून आणखी दाबलं की ते लाल डाग होऊन उरतं. यासाठी एक घरगुती परीक्षा आहे: व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्यायचा आणि गॅलरीत तो कृष्णधवल करायचा. अक्षर तेव्हाही स्वच्छ वाचता आलं तर रंग कुठलाही ठेवा. काकूंना हे दाखवलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, “लाल रंग मसाल्यालाच राहू दे मग.”

कोपरा कुठला, हे व्हिडिओ कुठे जाणार यावर ठरतं, कारण प्रत्येक ठिकाणी त्या अ‍ॅपची बटणं चित्रावर चढतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला वरच्या बाजूला ठेवणाऱ्याचं नाव आणि फोटो येतो, तळाशी उत्तर द्यायची जागा. इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये उजवीकडे खालच्या अर्ध्यात बटणांची रांग असते आणि तळाशी मजकूर. रीलच्या जाहिरातींसाठी वरचे सुमारे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही कडांचे ६ टक्के मोकळे ठेवा, असं मेटा स्वतःच सांगतं. आपल्या चौकटीत याचा अर्थ वरून सुमारे २७० पिक्सेल आणि कडेपासून ६५. काकूंचा गोल वर उजवीकडे, एवढं अंतर सोडून बसवला. संगणकावर पाहिलं तर तो कोपऱ्यापासून तुटल्यासारखा, जरा खालीच वाटतो. फोनवर अ‍ॅपच्या पसाऱ्यासकट पाहिला की तो बरोबर जागी आहे हे पटतं. म्हणून जागेचा निर्णय संगणकावर घेऊच नये.

यूट्यूबसाठी आडवा व्हिडिओ केला तर हिशोब बदलतो. यूट्यूब चॅनेलसाठी वेगळं चिन्ह लावायची सोय देतं, त्यासाठी १५० बाय १५० पिक्सेलचं चित्र लागतं आणि ते उजव्या खालच्या कोपऱ्यात दिसतं. त्यामुळे चित्रात मुरलेला लोगो त्याच कोपऱ्यात असू नये, नाहीतर दोन लोगो एकमेकांच्या डोक्यावर बसतात.

आता पाटी. माझी पद्धत अशी: पाटीवर काय लिहायचं ते आधी कागदावर लिहायचं आणि प्रत्येक ओळीला विचारायचं, ही ओळ दोन वर्षांनीही खरी राहील का? व्हिडिओ हिंडत राहतो आणि तो परत बोलावता येत नाही. किलोचा भाव पुढच्या मिरचीच्या हंगामात बदलणार आणि जुन्या भावाचा व्हिडिओ दाखवून गिऱ्हाईक वाद घालणार. म्हणून भाव गेला. सणाची सवलत, प्रदर्शनाची तारीख यांनाही याच कारणाने पाटीवर जागा नाही, ते सोबतच्या मजकुरात लिहावं. क्यूआर कोडचं कारण वेगळं. व्हिडिओ ज्या फोनवर चाललाय त्याच फोनने त्याच्याच पडद्यावरचा कोड सरळ स्कॅन करता येत नाही. स्टॉलवर किंवा दुकानातल्या टीव्हीवर लावायच्या व्हिडिओत तो उपयोगी पडतो, हातातल्या फोनवर निव्वळ जागा अडवतो. ईमेलवर काकूंना मसाल्याची एकही ऑर्डर कधी आली नव्हती. दोन नंबर असले की बघणारा कुठला लावायचा या विचारात पडतो. पूर्ण पत्ता हवा असणारा माणूस आधी फोनच करणार.

उरल्या चार गोष्टी: धंद्याचं नाव, त्याखाली ‘घरगुती कांदा-लसूण मसाला’, मग ‘ऑर्डरसाठी व्हॉट्सअ‍ॅप करा’ आणि नंबर, शेवटी लहान अक्षरात गावाचं नाव. गावाचं नाव मी मुद्दाम राखलं. कांदा-लसूण मसाल्याला सांगली-कोल्हापूर-साताऱ्याचा वास असतो, आणि पुण्या-मुंबईत राहणारा तिकडचा माणूस गावाचं नाव वाचून थांबतो. नंबर पाच-पाच आकड्यांच्या दोन गटांत लिहिला, कारण आपण तो बोलतोही बहुधा तसाच. आकडे इंग्रजी ठेवले, बाकी पाटी मराठी असली तरी. नंबर लावायचा कीपॅड इंग्रजी आकड्यांचा असतो, बघून दाबताना मनातल्या मनात भाषांतर कशाला करायला लावा?

देवनागरीची स्वतःची मागणी असते आणि परदेशी नमुन्यांवरून केलेल्या पाट्या तिथेच फसतात. आपलं अक्षर शिरोरेषेच्या वरही जातं आणि पायाखालीही उतरतं, मधल्या भागाला त्यामुळे कमी उंची मिळते. त्याच मापाच्या इंग्रजी अक्षरापेक्षा मराठी अक्षर लहान दिसतं आणि दोन ओळींमध्ये त्याला जास्त अंतर लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. शिरोरेषा बारीक असेल तर व्हिडिओ दाबल्यावर ती तुटक होते, म्हणून बारीक वजनाचा फाँट पाटीवर नको. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ मी बहुतेक वेळा वापरते, त्याची जाड वजनं फोनवर स्वच्छ टिकतात. दुसरा धोका जोडाक्षरांचा. व्हिडिओच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळत नाही: रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, पहिली वेलांटी अक्षरानंतर येते, जोडाक्षराचा पाय मोडतो. काकूंच्या नावात रफार होता आणि आधीच्या पाटीवर तो चुकीच्या डोक्यावर बसला होता. घाईत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण स्वतःच्या नावात चूक असलेल्या दुकानाबद्दल गिऱ्हाइकाला जे वाटतं ते वाटतंच. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय असेल तर तो निवडावा. तरीही जमलं नाही तर पाटी जिथे मराठी नीट उमटतं अशा ठिकाणी चित्र म्हणून तयार करावी आणि ते चित्रच व्हिडिओच्या शेवटी लावावं. मी आता हेच करते. त्यात अक्षर हलवता येत नाही, पण मोडतही नाही.

पाटीची जमीन सपाट एकाच रंगाची ठेवली, लोगोच्या गोलाचाच तपकिरी-लाल. एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू जाणारी छटा संगणकावर देखणी दिसते, व्हॉट्सअ‍ॅपवरून गेली की तिच्यात पायऱ्या पडतात. शेवटच्या क्लिपवरच अक्षरं ठेवायचा मोह होतो, पण भाकरी खाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर नंबर वाचायला कुणाला आवडेल? दोघांनाही न्याय मिळत नाही.

पाटी किती वेळ ठेवायची याला माझं माप एकच: सगळा मजकूर मनातल्या मनात एकदा पूर्ण वाचायचा. काकूंच्या चार ओळींना पाच सेकंद लागले. जुन्या अकरा गोष्टींना याच मापाने वीसच्या वर लागले असते आणि मिळाले होते दोन. पाच सेकंदांत दहा आकडे पाठ होत नाहीत हे खरं, पण व्हिडिओ थांबवायला किंवा स्क्रीनशॉट घ्यायला तेवढा वेळ पुरतो. रीलसाठी मात्र मी पाटी दोनच सेकंदांची करते आणि तिच्यावर नाव आणि काय विकतो एवढंच ठेवते. रील संपली की लगेच पुन्हा सुरू होते, लांब पाटी तिथे अडसर वाटते, आणि नंबर तिथे प्रोफाइलवर असतोच.

यूट्यूबच्या शेवटच्या पडद्याचा घोटाळा मी बऱ्याच जणांकडे पाहिला आहे. तिथे ‘एंड स्क्रीन’ म्हणजे आपल्या व्हिडिओवर यूट्यूबने चढवलेले, दाबता येणारे चौकोन आणि गोल. व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा असेल तरच ते लावता येतात, ते शेवटच्या ५ ते २० सेकंदांत दिसतात आणि आडव्या व्हिडिओत जास्तीत जास्त चार बसतात. शॉर्ट्समध्ये ते नसतात. आपली पाटी ही त्यांच्याखालची जमीन आहे, म्हणून त्यांच्यासाठी जागा रिकामी सोडायची: मजकूर डाव्या अर्ध्यात, उजवा अर्धा कोरा. स्वतःच्या वेबसाइटचा दुवा तिथे देता येईल असं बरेच छोटे व्यावसायिक धरून चालतात, पण तो पर्याय यूट्यूबच्या भागीदारी कार्यक्रमात असलेल्या चॅनेललाच मिळतो. पाटीवर ‘इथे क्लिक करा’ लिहून दाबायला काहीच नसलेल्या कितीतरी पाट्या त्यातून जन्माला आल्या आहेत.

जोडणीत तीन जागा सांभाळायच्या. पाटी आली की कोपऱ्यातला लोगो बंद करायचा, नाहीतर एकाच पडद्यावर तीच खूण दोनदा दिसते. दुसरी जागा आवाजाची. क्लिपांचा आवाज चालू असताना पाटी एकदम मुकी आली तर व्हिडिओ अडकला असं वाटून लोक पुढे सरकतात. काकूंच्या व्हिडिओत भाकरीच्या क्लिपचा आवाज पाटीखाली एक सेकंद रेंगाळत ठेवला आणि मग हळूहळू विरवला. तिसरी जागा सगळ्यांत महत्त्वाची आणि तीच सर्वांकडून राहते: लोगो आणि पाटी लावण्याआधीची कोरी प्रत वेगळी जपून ठेवणं. ती नसल्यामुळेच चाळणीच्या क्लिपमधून जुना लोगो बाहेर ढकलण्याची कसरत करावी लागली. आजचा तयार व्हिडिओ म्हणजे पुढच्या वर्षीच्या व्हिडिओसाठीचा कच्चा माल आहे. ही कोरी प्रत व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायची झाली तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती दाबली जात नाही.

लोगोशेजारी इंग्रजी आर अक्षराचं गोलातलं चिन्ह शोभेसाठी टाकण्याची एक पद्धत पडली आहे. काकूंच्या जुन्या लोगोतही ते होतं, फ्लेक्सवाल्याने आपणहून घातलेलं. ट्रेडमार्कची नोंदणी झाली असेल तरच ते वापरता येतं. नोंदणी नसताना झाली आहे असं दाखवणं १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०७ खाली गुन्हा आहे. ते आम्ही काढलं, आणि नऊ मिलिमीटरच्या गोलात तेवढी जागाही मोकळी झाली.

तयार झालेला व्हिडिओ तपासायचा कसा? आधी तो स्वतःच्याच दुसऱ्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचा, तिथून तिसरीकडे, आणि घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, उन्हात उभं राहून बघायचा. मग डोळे मिटून कुठेही थांबवायचा आणि ज्याने तो आधी पाहिलेला नाही अशा माणसाला विचारायचं, हे कुणाचं आहे? शेवटी पाटी दाखवून विचारायचं, मसाला हवा असेल तर काय करशील? दोन्ही उत्तरं न अडखळता आली तर काम झालं. काकूंच्या अंगणात ही परीक्षा शेजारच्या सातवीतल्या मुलाने दिली. पहिल्या प्रश्नाला तो म्हणाला, “तो गोल काकूंच्या बरणीवर असतो ना, तोच.” तेव्हा माझ्या लक्षात आलं की मधल्या दिवसांत काकूंनी तोच गोल छापून घेऊन बरण्यांवरही चिकटवला होता. मला सांगायचं त्यांना सुचलंही नव्हतं.

पुढच्या पानांत जी मापं आणि कृती दिल्या आहेत त्या काळाबरोबर बदलतील, अ‍ॅपची बटणं तर नक्कीच सरकतील. तेव्हा पान उलटण्यापूर्वी आपल्या फोनमधल्या क्लिपा उघडाव्यात आणि प्रत्येकीचे चारही कोपरे बघून एका कागदावर यादी करावी. ही पुस्तिका ती यादी शेजारी ठेवूनच वाचायची आहे.